युएक्स रिसर्चरचा रेझ्युमे कसा वाचावा: पद्धत, आवाका आणि बदललेला निर्णय

युएक्स रिसर्चरच्या, म्हणजे लोक अ‍ॅप कसं वापरतात याचा अभ्यास करणाऱ्याच्या, जागेसाठी आलेला रेझ्युमे वाचायला घेतला की कौशल्यांचा रकाना मी आधी झाकून टाकते. प्रिंट असेल तर अक्षरशः वर कोरा कागद ठेवते. त्या रकान्यात सगळ्यांकडे तेच असतं: मुलाखती, सर्वेक्षण, युजेबिलिटी टेस्टिंग, कार्ड सॉर्टिंग, डायरी स्टडी, पर्सोना, जर्नी मॅप. उमेदवाराला ही नावं माहीत आहेत, यापलीकडे त्यातून काही कळत नाही. खरा मजकूर प्रत्येक प्रोजेक्टखाली लिहिलेल्या दोन-तीन ओळींत असतो आणि त्या ओळी सावकाश वाचाव्या लागतात. एका रेझ्युमेला मी साधारण पंधरा मिनिटं देते. ढीग मोठा असेल तर एवढा वेळ कुठून आणायचा, असं वाटेल. पण चुकीचा माणूस मुलाखतीला बोलावला की चार जणांचा प्रत्येकी तासभर जातो.

माझी रीत साधी आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात प्रश्न काय होता आणि पद्धत कोणती वापरली, दुसऱ्यात कोणाला आणि किती जणांना गाठलं, तिसऱ्यात त्यामुळे काय ठरलं. रेझ्युमेतली प्रत्येक ओळ या तीन रकान्यांत फोडायची. जे लिहिलेलं नाही तिथं जागा रिकामी सोडायची, मनानं भरायची नाही. रिकामी जागा म्हणजे उमेदवाराची चूक असं नव्हे, ती पुढच्या फोनवर विचारायची गोष्ट असते.

उदाहरणासाठी एक नमुना घेऊ. ओळी मी जुळवलेल्या आहेत, पण दर भरतीत अशाच ओळी समोर येतात. उमेदवाराला चार वर्षांचा अनुभव आहे आणि तिनं छोट्या दुकानदारांना कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवर काम केलं आहे. मूळ इंग्रजी ओळींचा मराठीत अर्थ असा:

पहिली ओळ: केवायसी प्रवाहाचं ८ वापरकर्त्यांसोबत युजेबिलिटी टेस्टिंग केलं, केवायसी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर नेलं.

दुसरी ओळ: १,२०० वापरकर्त्यांचं सर्वेक्षण करून ग्राहकांच्या गरजा समजून घेतल्या आणि संबंधितांसमोर मांडल्या.

तिसरी ओळ: नाशिक, जळगाव आणि पुण्यातल्या १४ दुकानांत प्रत्यक्ष बसून निरीक्षण, फॉर्म लहान करण्याचं काम थांबवून अर्धवट अर्ज जपून ठेवण्याची सोय आधी झाली.

पहिल्या नजरेत पहिल्या दोन ओळी भारदस्त वाटतात. एकीत टक्के आहेत, दुसरीत मोठा आकडा. तिसरी जरा गावठी दिसते. वाचून संपेपर्यंत हा क्रम उलटा होतो.

पद्धत: नाव नको, जोडी पाहा

पद्धत चांगली किंवा वाईट अशी नसते. ती विचारलेल्या प्रश्नाला लागू पडते किंवा पडत नाही. म्हणून ‘कोणती पद्धत’ हे पाहण्याआधी ओळीत प्रश्न दिसतो का ते पाहायचं. ‘लोक कुठे अडतात’ हा प्रश्न असेल तर माणसाला काम करायला देऊन शेजारी बसणं, म्हणजे युजेबिलिटी टेस्टिंग, योग्य. ‘किती जण अडतात’ असेल तर अ‍ॅपमधली नोंद किंवा सर्वेक्षण हवं. ‘का सोडून जातात’ याचं उत्तर बहुतेक वेळा माणूस जिथं ते अ‍ॅप वापरतो तिथं गेल्याशिवाय मिळत नाही.

प्रश्न आणि पद्धत यांची जोडी जुळत नसेल तर ते पटकन लक्षात येतं. एखादं बटण सापडतं का हे तपासायला फोकस ग्रुप घेतला, असं लिहिलं असेल तर मी थबकते. आठ माणसं एका खोलीत बसून बटणाबद्दल मत देतात, बटण वापरत नाहीत. सर्वेक्षणात ‘ही सोय आली तर वापराल का?’ असं विचारून ७० टक्के होकार मिळवला, ही दुसरी नेहमीची गोष्ट. होकार द्यायला काही खर्च येत नाही, त्यामुळे त्या होकाराला फारशी किंमत नसते.

नमुन्यातली दुसरी ओळ इथंच अडखळते. ‘ग्राहकांच्या गरजा समजून घेतल्या’ हा प्रश्न नाही, तो विषय आहे. १,२०० जणांना नेमकं काय विचारलं आणि त्यासाठी सर्वेक्षणच का निवडलं, हे ओळीत कुठेच नाही. पहिल्या रकान्यात मी फक्त ‘सर्वेक्षण’ लिहिते आणि पुढे मोकळं सोडते.

‘एथनोग्राफी’ या शब्दाबद्दल थोडं. मानववंशशास्त्र शिकलेल्या माणसासाठी याचा अर्थ एखाद्या वस्तीत अनेक महिने राहणं. प्रॉडक्ट कंपन्यांत तीन दिवसांच्या घरभेटींनाही हेच नाव देतात. दोन्ही कामं उपयोगाची आहेत, पण शब्द एक असला तरी माप एक नाही. दिवस किती आणि घरं किती, ते लिहिलेलं असेल तरच मी हा शब्द मोजते.

आवाका: आकडा मोठा की पुरेसा?

भरती करणारे सगळ्यात जास्त इथं फसतात. पाच हा आकडा पाहून काही जण हसतात आणि बाराशे पाहून मान डोलावतात. दोन्ही घाई आहे.

पाचचा आकडा कुठून आला ते आधी सांगते. याकोब नीलसन आणि थॉमस लँडावर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एखादी अडचण एका वापरकर्त्याला दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. म्हणून ‘पाच पुरे’ ही म्हण या धंद्यात रुजली. पण हे गणित त्या ३१ टक्क्यांवर उभं आहे. दहा जणांतल्या एकालाच येणारी अडचण असेल, तर पाच माणसांत ती एकदाही दिसण्याची शक्यता ४१ टक्के उरते. ती ८५ टक्क्यांपर्यंत न्यायची तर अठराएक माणसं लागतात. शिवाय हा आकडा एका प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी आहे. किराणा दुकानदार आणि त्याच्याकडे वसुलीला येणारा एजंट यांची गोळाबेरीज करून पाच चालत नाहीत.

तेव्हा ८ जणांचं युजेबिलिटी टेस्टिंग हा अजिबात लहान अभ्यास नाही. मोठ्या आणि ढोबळ अडचणी शोधायला तो पुरतो. त्यातून टक्केवारी काढायला मात्र तो पुरत नाही.

आता पहिली ओळ पुन्हा वाचा. ८ माणसं, आणि ४१ वरून ५८ टक्के. आठांपैकी तीन म्हणजे साडेसदतीस टक्के आणि चार म्हणजे पन्नास. आठ माणसांत ४१ टक्के कसेही बसत नाहीत, ५८ सुद्धा नाही. म्हणजे हे आकडे टेस्टिंगमधले नाहीत, ते अ‍ॅपच्या नोंदींतून आले असावेत. उमेदवारानं खोटं लिहिलंय असं मी म्हणत नाही, बहुधा नाहीच. पण तिनं दोन वेगळ्या गोष्टी एका स्वल्पविरामानं जोडल्या आणि एकीमुळे दुसरी झाली असा भास तयार झाला. मधे काय झालं ते मला हवंय.

हा भागाकार प्रत्येक टक्केवारीवर करून पाहा. ‘यशाचं प्रमाण ६० वरून ८० टक्के’ आणि नमुना ५, असं दिसलं तर वाढ झाली एका माणसाची. तो एक माणूस त्या दिवशी जागा होता की झोपाळलेला, एवढ्यावर तो आकडा हलू शकतो.

बाराशेचं गणित वेगळं. निवड खरोखर यादृच्छिक असेल तर बाराशे उत्तरांत साधारण ३ टक्के इकडेतिकडे एवढीच चूक राहते आणि चारशेंत ५ टक्के. म्हणजे तिप्पट माणसं गाठून अचूकता फार थोडी वाढली. त्याहून मोठा प्रश्न असा की हे बाराशे कोण? अ‍ॅपमध्ये पॉप-अप दाखवून उत्तरं घेतली असतील तर जे अ‍ॅप उघडतात तेच त्यात आले. केवायसी अर्ध्यात सोडून गेलेला दुकानदार तिथं नव्हताच, आणि कंपनीला नेमका त्याचाच पत्ता हवा होता. किती जणांना पाठवलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे दोन आकडे शेजारी नसतील तर बाराशेला मी फार वजन देत नाही.

आवाक्याची शेवटची चाचणी वेळेची. एक रिसर्चर दिवसाला तासाभराच्या तीन, फार तर चार मुलाखती नीट घेऊ शकतो. त्यानंतर नोंदी, पुन्हा ऐकणं, गट पाडणं. माणसं जमवायलाच आठवडा-दोन आठवडे जातात आणि ठरलेल्यांतले काही जण ऐनवेळी येत नाहीत. ‘दोन आठवड्यांत एकहाती ६० सखोल मुलाखती’ असं दिसलं तर एकतर त्या सखोल नव्हत्या किंवा एकहाती नव्हत्या. मी स्वतः यात एकदा सपशेल फसले. ‘१०० हून अधिक मुलाखती’ वाचून एकाला घेतलं आणि नंतर कळलं की त्यातल्या बहुतेकांत तो टिपणं घ्यायला बसला होता. टिपणं घेणं हलकं काम नाही, पण मला मुलाखत घेणारा हवा होता आणि ‘तू त्यात काय केलंस’ हे मी विचारलंच नव्हतं.

निर्णय: अभ्यास झाला नसता तर?

तिसरा रकाना भरायला सगळ्यात अवघड, आणि मी सर्वात जास्त वेळ इथंच घालवते. रिसर्चचा परिणाम लिहिताना उमेदवार जी क्रियापदं वापरतात त्यांची एक उतरंड असते. सगळ्यात खाली ‘अहवाल दिला’ किंवा ‘संबंधितांसमोर मांडलं’. त्याच्या वर ‘शिफारशी स्वीकारल्या गेल्या’. त्याच्या वर ‘बदल अ‍ॅपमध्ये आला’. आणि सगळ्यात वर, बदल आल्यावर काय झालं ते मोजलं. नमुन्यातली दुसरी ओळ तळाशीच थांबते. मीटिंगमध्ये स्लाइड दाखवली, टाळ्या पडल्या, पुढच्या सोमवारी सगळे आधीच्याच कामाला लागले, असंही त्या ओळीमागे असू शकतं.

पण उतरंडीवरची जागा पुरेशी नाही. बदल अ‍ॅपमध्ये आला म्हणजे तो रिसर्चमुळे आला असं होत नाही. अनेकदा टीमनं आधीच ठरवलेलं असतं आणि रिसर्च नंतर शिक्का मारायला बोलावतात. म्हणून मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावते: हा अभ्यास झालाच नसता तर टीमनं काय केलं असतं? उत्तर ‘तेच’ असेल तर निर्णय बदललेला नाही.

तिसरी ओळ या प्रश्नाला लिहितानाच उत्तर देते. टीम फॉर्म लहान करायला निघाली होती. अभ्यासानंतर ते थांबलं आणि अर्धवट अर्ज जपून ठेवायची सोय आधी झाली. दोन वाटा दिसतात आणि कोणती सोडली तेही दिसतं. यामागे काय घडलं असेल याची कल्पनाही करता येते. दुकानदार फोनवर पॅन कार्डाचा फोटो काढतोय, तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन अर्धा किलो साखर मागतं. तो फोन गल्ल्यावर ठेवतो. पाच मिनिटांनी परत येतो तर सेशन संपलेलं आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. असं दोन वेळा झालं की तो नाद सोडतो. ऑफिसात बसून केलेल्या व्हिडिओ कॉलवर हे कधीच दिसत नाही, कारण कॉलसाठी त्यानं शांत वेळ काढलेला असतो. तिथं तो फॉर्म सरळ भरून दाखवतो आणि वर ‘जरा लांब आहे’ असं म्हणतो. टीम तेच वाक्य धरून फॉर्म कापायला बसते.

इथं पद्धत, आवाका आणि निर्णय एकमेकांत अडकलेले दिसतात. प्रश्न ‘का सोडतात’ हा होता, म्हणून दुकानात जाऊन बसणं. तीन ठिकाणची १४ दुकानं, म्हणजे एकाच बाजारपेठेची सवय सगळ्यांवर लादली जाण्याचा धोका थोडा कमी. आणि मिळालेल्या माहितीनं कामांचा क्रम बदलला. चौदामधून टक्केवारी काढलेली नाही, हेही मला आवडलं.

जे केलं नाही ते लिहिणारे उमेदवार कमी भेटतात आणि मला ते फार मोलाचे वाटतात. ‘या अभ्यासानंतर अमुक सोय बांधायची नाही असं ठरलं’ ही ओळ दिसायला पडेल असते, पण तिच्यामागे काही इंजिनिअरांचे महिने वाचलेले असू शकतात.

रेझ्युमेत मावत नाही ते

तिसरा रकाना रिकामा असला म्हणून लगेच फुली मारू नये. एजन्सीत काम केलेल्यांना अहवाल दिल्यावर पुढचं क्वचितच कळतं. ग्राहक कंपनी निघून जाते. अशांना मी विचारते की त्याच ग्राहकानं पुढचं काम दिलं का आणि त्या कामाचा विषय पहिल्या अहवालातून निघाला होता का. गोपनीयतेच्या करारामुळे आकडे लिहिता येत नाहीत, हेही खरं कारण आहे. मात्र करार कंपनीचे आकडे लपवायला सांगतो, किती माणसांशी बोललात ते लपवायला सहसा सांगत नाही. आणि २०२२-२३ च्या कपातीत अनेकांची नोकरी बदल बाहेर पडण्याआधीच गेली. त्यांच्या ओळी ‘शिफारस स्वीकारली’ इथंच थांबतात. त्यात त्यांचा दोष काय?

याउलट परिणाम फार नेमका आणि फार मोठा लिहिलेला असेल तर मी सावध होते. ‘माझ्या रिसर्चमुळे उत्पन्न अमुक कोटींनी वाढलं’ या वाक्यात डिझायनर, इंजिनिअर, जाहिरात आणि दिवाळी, सगळे एकाच माणसाच्या खात्यावर जमा झालेले असतात.

फोनवर विचारायचे चार प्रश्न

रकाने भरून झाले की वीस मिनिटांचा फोन. नमुन्यातल्या उमेदवाराला मी हे विचारेन, याच क्रमानं.

अभ्यास सुरू होण्याआधी टीमला काय करायचं होतं? खरं काम केलेला माणूस इथं थांबत नाही. प्रॉडक्ट मॅनेजरचा हट्ट काय होता, कोणाशी वाजलं, तारीख कोणती जवळ होती, हे सगळं येतं. दुसऱ्याच्या कामाची ओळ उचललेली असेल तर उत्तर पुन्हा पद्धतीच्या वर्णनाकडे घसरतं.

४१ आणि ५८ कुठून आले? कोणत्या आठवड्यांची तुलना, छेदात कोण धरले, त्याच काळात आणखी काय बदललं? ‘त्याच महिन्यात ओटीपी पाठवणारी कंपनीही बदलली होती, त्यामुळे सगळी वाढ आमची नाही, पण अर्ज मधेच सोडून परत येणाऱ्यांत फरक वेगळा दिसला’ असं उत्तर आलं तर माझ्या मते भरतीचा निर्णय जवळजवळ झाला. ‘ते अ‍ॅनालिटिक्स टीमनं दिलं’ एवढ्यावर थांबली तर पहिली ओळ मी फक्त ‘८ जणांचं टेस्टिंग’ म्हणून मोजेन.

चौदांपैकी कोणता दुकानदार तुमच्या निष्कर्षात बसला नाही? सगळे बसले म्हणणाऱ्यानं नोंदी नीट पाहिलेल्या नसतात. जळगावचा एकजण रात्री घरी बसून अर्ज भरायचा, त्याला सेशनचा त्रास नव्हता आणि तरी त्यानं सोडला, कारण बँक स्टेटमेंट द्यायला तो बिचकत होता, असा एखादा माणूस आठवत असेल तर ती तिथं खरोखर बसली होती.

कोणती शिफारस मानली गेली नाही? इथं रडगाणं आलं की एक गोष्ट कळते आणि ‘त्यांचं बरोबर होतं, मला खर्च माहीत नव्हता’ असं आलं की दुसरी. दुसऱ्या प्रकारच्या माणसांसोबत काम करणं मला सोपं जातं.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांसाठी

हे वाचणाऱ्यांत स्वतःचा रेझ्युमे लिहिणारेही असतील. त्यांनी आपल्या ओळींना हेच तीन रकाने लावून पाहावेत. नमुन्यातली पहिली ओळ मी अशी लिहिली असती: ‘अर्ज मधे सोडल्यावर परत येता येतं का हे तपासायला नव्या केवायसी प्रवाहाचं ८ दुकानदारांसोबत टेस्टिंग, ‘पुढे चालू ठेवा’ हे बटण बहुतेकांना सापडलं नाही म्हणून ते पहिल्या पडद्यावर आणलं. बदलानंतरच्या सहा आठवड्यांत अ‍ॅपच्या नोंदींनुसार केवायसी पूर्ण होण्याचं प्रमाण ४१ वरून ५८ टक्के. याच काळात ओटीपीची व्यवस्थाही बदलली होती.’

ओळ लांब झाली. मग दुसरी, सर्वेक्षणाची ओळ काढून टाका, जागा होईल.